हळदीचा डाग साबणाने लाल का होतो, आणि घरातल्या डाग-पेटीत काय असावे

पांढऱ्या झब्ब्यावर रश्श्याचा पिवळा डाग पडतो, तो काढण्यासाठी त्यावर कपड्यांचा साबण चोळला जातो, आणि पाहता पाहता पिवळा डाग विटकरी लाल होतो. आता कपडा कायमचा बिघडला या समजुतीने बहुतेक घरांत त्यापुढे गरम पाणी, ब्लीच आणि ब्रश यांचा मारा सुरू होतो. प्रत्यक्षात तो लाल रंग हे नुकसान नसते. डागावर जे काही लावले त्याला हळदीने दिलेले ते उत्तर असते, आणि ते उत्तर वाचता आले तर पुढे काय करायचे हेही कळते. कपडा खरोखर बिघडतो तो त्यानंतरच्या घाईत.

जखमेसाठी घरात मलमपट्टीची पेटी असते, तशी डागांसाठीही एक लहानशी पेटी ठेवता येते. तिच्यात दहाएक वस्तू पुरतात आणि त्यांपैकी बऱ्याच स्वयंपाकघरात किंवा औषधांच्या दुकानात मिळतात. मात्र कोणती वस्तू कोणत्या डागासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरायची हे ठाऊक नसेल, तर भरलेली पेटीही निरुपयोगी ठरते. म्हणून आधी डागाकडे पाहू.

डाग धाग्याला कसा धरून बसतो

घरात पडणारे बहुतेक डाग चार प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार तेलातुपाचा. तेल धाग्यांच्या फटींत शिरते आणि पाण्याला जवळ येऊ देत नाही. दुसरा प्रथिनांचा, म्हणजे रक्त, दूध, अंडे आणि घाम यांचा. तिसरा वनस्पतींच्या रंगांचा, ज्यात चहा, जांभूळ, डाळिंब आणि हळद येतात. चौथा गंज, शाई, मेण अशा वस्तूंचा, ज्यांपैकी प्रत्येकीला वेगळा उपाय लागतो.

अडचण अशी की घरातले डाग सहसा एकाच प्रकारचे नसतात. दुधाच्या चहाच्या डागात दुधाचे प्रथिन, सायीची चरबी आणि चहाचा तपकिरी रंग असे तिन्ही असतात. रश्श्यात तेल आणि हळद एकत्र असतात. त्यामुळे एकाच बाटलीने सगळे निघेल ही अपेक्षा चुकीची ठरते, आणि क्रमाला महत्त्व येते. वर तेलाचा थर असताना खालच्या रंगावर पाण्यात मिसळलेले कोणतेही औषध ओतले, तरी ते रंगापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी तेल, मग रंग.

उष्णतेचा नियमही येथेच समजून घ्यावा. उकळत्या पाण्यात अंड्याचा बलक आणि पांढरा भाग घट्ट होतो, तसेच रक्तातले आणि दुधातले प्रथिन गरम पाण्याने धाग्यावरच गोठते. रक्ताचा डाग थंड पाण्याने दोन मिनिटांत बराचसा वाहून जातो. तोच गरम पाण्यात घातला की तपकिरी होऊन बसतो. रंगांच्या डागांनाही उष्णता धाग्यात आणखी खोल ढकलते. इस्त्री फिरवलेला डाग काढणे सर्वांत अवघड, ते याच कारणाने.

हळदीचे कोडे

हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याचे तीन गुण लक्षात ठेवले की हळदीच्या डागाची भीती बरीच कमी होते.

पहिला गुण असा की कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात आणि अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते. फोडणीत हळद घातल्याबरोबर तेल पिवळे होते ते त्यामुळेच, आणि नुसत्या पाण्याने डाग हलत नाही तेही त्यामुळेच. दुसरा गुण रंग बदलण्याचा. आम्लात ते पिवळे राहते, क्षारात म्हणजे साबण, सोडा, चुना यांच्या संगतीत लालसर होते. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड देऊन केले जाते, त्यामागे हाच गुण आहे. कपड्यांचा वडीचा साबण आणि धुण्याची पावडर दोन्ही क्षारयुक्त असतात, म्हणून डाग कुंकवाच्या रंगाचा होतो. त्यावर व्हिनेगरचे चार थेंब किंवा लिंबाचा रस टाकला तर तो पुन्हा पिवळा होतो. डाग वाढलेला नसतो आणि कमीही झालेला नसतो. फक्त त्याच्या भोवतीचे वातावरण बदललेले असते.

तिसरा गुण सर्वांत उपयोगाचा: कुर्क्युमिन उजेडात टिकत नाही. उन्हात त्याची रचना मोडते आणि रंग विरतो. घरातल्या जाणत्या बायका हळदीचे डाग पडलेले धोतर किंवा चादर धुऊन ओली असतानाच कडक उन्हात पसरतात, ती रीत रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

पेटीत काय ठेवायचे आणि कशासाठी

पेटीतली पहिली वस्तू म्हणजे जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे हातरुमालाएवढे तुकडे, निदान डझनभर. ते पांढरेच हवेत, कारण रंगीत फडक्याचा रंग ओल्या डागात उतरू शकतो, आणि पांढऱ्या कापडावर डागाचा किती रंग उतरला हे दिसते. त्यांच्यासोबत एक बोथट चमचा आणि एक मऊ टूथब्रश ठेवावा. चमच्याने वर साचलेला पदार्थ कडेकडून मध्याकडे गोळा करून उचलायचा. कापडाने दाबून ओल टिपायची, घासायची नाही. घासल्याने डाग पसरतो आणि धाग्यांचे तंतू उसवून तेथे कायमची खरबरीत जागा तयार होते, जी डाग गेल्यावरही डागासारखीच दिसत राहते.

तेलासाठी दोन वस्तू लागतात. एक म्हणजे बारीक कोरडी पूड. कॉर्नफ्लॉवर किंवा साधी टाल्कम पावडर चालते. ताज्या तेलकट डागावर ती जाड थराने पसरून पंधरा-वीस मिनिटे ठेवली की मोकळे तेल तिच्यात शोषले जाते. दुसरी वस्तू म्हणजे भांडी घासण्याचे पातळ लिक्विड. ते तेल सोडवण्यासाठीच बनवलेले असते, आणि वडीच्या साबणाइतके क्षारयुक्त नसते. शक्य असेल तर बिनरंगी लिक्विड निवडावे, म्हणजे हिरव्या-पिवळ्या रंगाची नवी भानगड नको.

प्रथिनांसाठी एन्झाइम असलेली धुण्याची पावडर लहान हवाबंद डब्यात ठेवावी. एन्झाइम म्हणजे प्रथिनांचे किंवा पिठाचे मोठे रेणू तोडणारे जैविक द्रव्य. पाकिटावरच्या मजकुरात त्याचा उल्लेख असतो. ते काम करायला वेळ घेते, म्हणून कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवणे आवश्यक असते, आणि उकळते पाणी त्याला निकामी करते. मासिक पाळीत चादरीला लागलेला डाग, मुलाच्या फुटलेल्या गुडघ्याचे रक्त किंवा कॉलरवरचा घाम यांसाठी आधी थंड पाण्याने धुणे आणि मग या पावडरीत भिजवणे एवढे बहुधा पुरते.

रंगांसाठी पेटीतली सर्वांत महत्त्वाची बाटली हायड्रोजन पेरॉक्साइडची. औषधांच्या दुकानात ते जखमा धुण्यासाठी मिळते. आपल्याकडच्या बाटलीवर अनेकदा ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते, म्हणजे ते सुमारे ६ टक्के तीव्रतेचे असते. कपड्यासाठी ३ टक्के पुरते, म्हणून वापरताना वाटीत जेवढे पेरॉक्साइड तेवढेच पाणी मिसळावे आणि उरलेले मिश्रण परत बाटलीत ओतू नये. पेरॉक्साइड डाग उचलून नेत नाही. ते रंगाच्या रेणूची रचना मोडून त्याला रंगहीन करते. या क्रियेला विरंजन म्हणतात. हेच विरंजन कपड्याच्या स्वतःच्या रंगावरही होऊ शकते, हा त्याचा धोका. ते उजेडात आणि उष्णतेत हळूहळू नुसते पाणी होऊन जाते, म्हणून दुकानातल्या गडद बाटलीतच ठेवावे. त्यात जीव उरला आहे का हे पाहण्याची सोपी रीत अशी: कापलेल्या कच्च्या बटाट्यावर एक थेंब टाकावा; फेस आला तर ते कामाचे, नाही आला तर नवी बाटली आणावी.

पांढरा व्हिनेगर, साधारण ४ टक्के आम्लाचा, चहा-कॉफीच्या डागासाठी उपयोगी पडतो. कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर त्याचा रंग उजळतो आणि सोडा घातल्यावर गडद होतो, हे अनेकांनी पाहिले असेल. चहाच्या डागावर वडीचा साबण लावल्यावर तो काळवंडतो तो याच न्यायाने. म्हणून दुधाच्या चहाचा डाग आधी थंड पाण्याने धुवावा, मग त्यावर भांड्यांचे लिक्विड लावावे, ते धुऊन टाकून एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांचे मिश्रण लावावे, आणि कपड्यांचा साबण अगदी शेवटी.

शेवटची बाटली सर्जिकल स्पिरिटची. ते अल्कोहोल असल्याने बॉलपेनची शाई आणि हळद दोन्ही विरघळवते. शाळेच्या शर्टाचा खिसा निळा झाला असेल तर डागाखाली कापडाची घडी ठेवून वरून स्पिरिटचा बोळा दाबावा, आणि शाई खालच्या घडीत उतरू लागली की घडी सतत बदलत राहावी. बदलली नाही तर तीच शाई परत वर येते. जेल पेनच्या शाईत बरेचदा न विरघळणारे रंगकण असतात, त्यामुळे तेथे स्पिरिटचा फारसा उपयोग होत नाही. स्पिरिट पेट घेते, हे विसरू नये: ते शेगडीपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर, खिडकी उघडी ठेवूनच वापरावे.

याखेरीज एक ड्रॉपर आणि झाकणाला आतून चिकटवलेला कागद. त्यावर ‘रक्ताला थंड पाणी’, ‘आधी तेल मग रंग’, ‘डाग जाईपर्यंत इस्त्री नाही’ एवढ्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, कारण डाग पडतो तेव्हा घरातला जो कोणी जवळ असतो त्याने हा लेख वाचलेला नसतो.

एक डाग, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा मोठा थेंब पांढऱ्या सुती झब्ब्यावर पडला आहे असे धरू. त्यात तेलाची तर्री आहे, हळद आहे आणि मिरचीचा तांबडा रंग आहे, जो हळदीप्रमाणेच तेलात विरघळतो.

पहिल्या मिनिटात चमच्याने वरचा रस्सा उचलावा आणि कोरड्या पांढऱ्या कापडाने दाबून टिपावे. पंगतीत बसल्या बसल्या पाण्यात बोट बुडवून चोळण्याचा मोह टाळावा, कारण पाणी तेलाला हलवत नाही, फक्त डागाचा घेर वाढवते. शक्य होताच झब्बा काढून डागाखाली कापडाची घडी ठेवावी, वर कॉर्नफ्लॉवर पसरावे आणि वीस मिनिटांनी ते झटकून टाकावे. पूड तांबूस-पिवळी झालेली दिसते. तेवढे तेल आणि त्यात विरघळलेला तेवढा रंग बाहेर आला.

त्यानंतर झब्बा उलटा करून डागाच्या मागच्या बाजूने भांड्यांच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब लावावेत, बोटाने हलके दाबावेत आणि दहा मिनिटांनी मागूनच नळाचे गार पाणी सोडावे. मागून पाणी सोडल्याने डाग ज्या बाजूने आला त्याच बाजूने परत ढकलला जातो. पुढून सोडले तर तो कापडाची सगळी जाडी पार करून जातो. हे एकदा पुरले नाही तर पुन्हा करावे. बोटाला तेलकटपणा लागेनासा झाला की तेलाचे काम संपले.

आता फिकट पिवळा डाग उरलेला असतो. पाणी पिळून काढून खाली कोरडी घडी ठेवावी आणि स्पिरिटचा बोळा वरून दाबावा. खालच्या घडीवर पिवळे गोल उमटू लागतात. घडीचा नवा भाग पुढे करत राहावे आणि गोल उमटणे थांबले की थांबावे. मग साध्या पाण्याने धुऊन, तेवढ्याच पाण्यात मिसळलेले पेरॉक्साइड ड्रॉपरने डागावर सोडून अर्धा तास ठेवावे आणि स्वच्छ धुवावे.

यानंतर नेहमीच्या पावडरीने धुताना जर त्या जागी पुसटशी लाल छटा दिसली, तर घाबरण्याऐवजी तिचा उपयोग करावा. ती सांगते की थोडी हळद अजून शिल्लक आहे आणि नेमकी कोठे आहे. उजेडात पिवळी छटा पांढऱ्यावर नजरेतून सुटते, लाल सुटत नाही. कपडा खळबळून ओला असतानाच उन्हात, डागाची बाजू वर करून वाळवावा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पेरॉक्साइडची पायरी आणखी एकदा करावी. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री करू नये.

ब्लीचची बाटली असताना हे सगळे कशाला

हा आक्षेप रास्त आहे, कारण क्लोरीनचे ब्लीच पांढऱ्या सुती कपड्यावरची हळद खरोखर झपाट्याने घालवते. तरीही मी ते या पेटीत ठेवू नये असेच सांगेन, आणि त्याची कारणे तीन आहेत. ते रेशीम आणि लोकर यांचे धागेच खाते, कारण हे धागे प्रथिनांचे असतात. लोखंडाच्या गंजावर ते पडले तर डाग आणखी पक्का होतो. बोअरवेलच्या पाण्यात लोह असणाऱ्या घरांत हा अनुभव नवा नाही. आणि सर्वांत गंभीर म्हणजे, ते व्हिनेगर किंवा लिंबासारख्या आम्लाशी मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ज्या पेटीत व्हिनेगर आहे तिच्यात ब्लीच असूच नये. गंजासाठी लिंबाचा रस आणि मीठ लावून कपडा उन्हात ठेवणे हा जुना उपाय सुती कापडावर चांगला चालतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र का नाही

दोन्ही एकत्र ओतल्यावर भरपूर फेस येतो आणि काहीतरी जोरदार घडते आहे असे वाटते. घडते ते एवढेच की आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि उरते जवळजवळ नुसते खारट पाणी. व्हिनेगरचा गुणही जातो आणि सोड्याचाही. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर हे दोन्ही उपयोगी असले तरी त्यांनाही एका बाटलीत मिसळू नये. त्यातून त्वचेला आणि डोळ्यांना झोंबणारे तीव्र आम्ल तयार होते. नियम एकच ठेवावा: एक वस्तू लावली की पाण्याने पूर्ण धुवायची, मगच दुसरी. सगळ्या बाटल्या मूळ लेबलासह, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असाव्यात. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत यातले काहीही भरू नये.

रंगीत कपडे, रेशीम आणि जर

रंगीत कपड्यावर पेरॉक्साइड किंवा स्पिरिट वापरण्यापूर्वी आतल्या शिवणीवर, जेथे दुमडीत थोडे कापड असते, एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पांढऱ्या कापडाने दाबून पाहावे. कापडाला रंग लागला किंवा ती जागा फिकट झाली, तर ती बाटली त्या कपड्यासाठी नाही. अशा वेळी भांड्यांचे लिक्विड आणि ऊन एवढ्यावर भागवावे, आणि उन्हाचाही अतिरेक टाळावा, कारण जो उजेड हळदीला विरवतो तो कपड्याच्या रंगालाही हळूहळू विरवतो.

पैठणी, रेशमी सोवळे किंवा लोकरीची शाल यांच्या बाबतीत पेटीतल्या फक्त दोन वस्तू हाती घ्याव्यात: टिपायचे कापड आणि कोरडी पूड. एन्झाइमची पावडर रेशमावर घालू नये, कारण जे एन्झाइम रक्तातले प्रथिन तोडते ते रेशमाच्या प्रथिनालाही सोडत नाही. जरीच्या धातूवर आम्लाने आणि पेरॉक्साइडने डाग पडतात. रेशमावर साध्या पाण्याचाही थेंब वाळला की कडा उमटते, म्हणून पाण्याचे प्रयोग तेथे करू नयेत.

अशी साडी ड्रायक्लीनरकडे शक्यतो दुसऱ्या दिवशीच न्यावी. डागाभोवती पांढऱ्या दोऱ्याने सैल टाका घालून जागा दाखवावी, कारण वाळलेला तेलाचा डाग दुकानातल्या दिव्याखाली दिसतोच असे नाही. तो डाग कशाचा, किती दिवसांपूर्वीचा आणि घरी त्यावर काय लावले, या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. तेलासाठी वापरायचे द्रव्य आणि रंगासाठी वापरायचे द्रव्य त्याच्याकडेही वेगवेगळे असते, आणि पहिल्यांदाच योग्य द्रव्य निवडले जाण्यासाठी त्याला ही माहिती लागते.